'पूर, वादळ, भूकंप किंवा इतर कारण' यात संप येतो का?

प्रश्न: करारात लिहिलंय, "पूर, वादळ, भूकंप किंवा इतर कोणत्याही कारणाने माल उशिरा पोहोचल्यास दंड नाही." पुरवठादार म्हणतो, कामगारांचा संप हेही 'इतर कारण'च. बरोबर आहे का?

उत्तर: बहुधा नाही. आधीची तिन्ही नावं नैसर्गिक आपत्तींची आहेत, म्हणून 'इतर कारण'ही त्याच जातीचं धरलं जातं. दरड कोसळली तर चालेल, संप नाही. कोणतंही कारण चालणार असतं, तर ती तीन नावं लिहायची गरजच काय होती? कायद्यात याला 'एजुसडेम जेनेरिस' म्हणतात. १८९९ च्या एका इंग्लिश निकालात 'घर, कार्यालय, खोली किंवा इतर जागा' या शब्दांत शर्यतीच्या मैदानावरचं उघडं आवार बसलं नाही, कारण यादीतल्या जागा बंदिस्त होत्या.

पण आधी यादी नीट तपासा. 'पूर, संप, कागदपत्रांतली चूक' अशी सरमिसळ असेल, तर समान जात सापडत नाही आणि नियम लावता येत नाही. एकाच नावावरूनही जात सहसा ठरत नाही. पुढे 'वरील प्रकारचं असो वा नसो' असं लिहिलेलं असेल, तर मात्र पुरवठादाराची बाजू भक्कम होते. तेवढे शब्द शोधाच.