माइक चार हजारांचा, कर्ज अठ्ठेचाळीस हजारांचे

प्रश्न: मी ३१ वर्षांचा असून कोल्हापुरात एका खासगी कंपनीत कंत्राटी नोकरी करतो. हातात २६,००० रुपये येतात, त्यातील १५,००० घरी देतो. जुन्या पैलवानांच्या आणि वस्तादांच्या मुलाखती मोबाइलवर रेकॉर्ड करून यूट्यूब चॅनेल सुरू करायचे आहे. ब्लूटूथ कॉलर माइकची जोडी १,९०० रुपयांना मिळते. मोबाइलला रिसीव्हर लावावा लागतो तो वायरलेस संच १३,५०० चा आहे. दुकानदार म्हणतो ब्लूटूथ हेच नवे तंत्र आहे, रिसीव्हरची कटकट नाही. दुसरा पर्याय म्हणून त्याने ४८,००० चे ‘क्रिएटर किट’ सुचवले आहे: १३,५०० चा माइक, ९,५०० चे लाइट व ट्रायपॉड आणि २५,००० चा ऑनलाइन क्लास. दरमहा ३,१०० चे १८ हप्ते. चौथ्या महिन्यापासून चॅनेलचे पंधरा हजार सुरू होतील, त्यातून हप्ता जाईल. मोबाइलचे ४,२०० चे सहा हप्ते बाकी आहेत. बचत २२,००० आहे. नव्या हप्त्यासाठी २,००० ची आवर्ती ठेव बंद करणार आहे. शनिवारी सही करायची आहे. ब्लूटूथ घ्यावा की रिसीव्हरचा?

उत्तर: रिसीव्हरचा घ्यावा, पण १३,५०० चा नव्हे आणि कर्जाने तर मुळीच नव्हे. शनिवारची सही करू नका. माइकविषयी सविस्तर लिहितोच, मात्र आधी त्या कर्जाकडे पाहू, कारण माइक चुकला तर दोन हजार जातील आणि कर्ज चुकले तर दीड वर्ष जाईल.

३,१०० चे १८ हप्ते म्हणजे ५५,८०० रुपये. ४८,००० वर ७,८०० जास्त. दुकानदार याला ‘साधारण दहा-अकरा टक्के’ म्हणेल, पण मुद्दल दरमहा कमी होत जाते हे लक्षात घेतले तर खरा वार्षिक दर वीस टक्क्यांच्या आसपास येतो, आणि प्रक्रिया शुल्क असल्यास त्याहून वर. कर्जदात्याने सहीपूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हा कर्जाच्या मुख्य अटींचा कागद द्यावा आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम किरकोळ कर्जांना १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. तो कागद मागा. तो दाखवायला दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर तेवढे कारणही नकार द्यायला पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट, या किटमध्ये निम्म्याहून अधिक रक्कम क्लासची आहे. माइक न आवडल्यास विकता येतो, लाइट भाड्याने देता येतो. क्लासचे तसे काही होत नाही. कर्जाचे पैसे क्लास चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी मिळतात आणि तुमचे देणे मात्र कर्ज देणाऱ्या कंपनीशी राहते. उद्या क्लास बंद पडला किंवा निरुपयोगी निघाला, तरी हप्ता थांबत नाही, आणि तो चुकवल्यास नोंद तुमच्या क्रेडिट अहवालात होते. माइकच्या खरेदीत असा क्लास गुंफून कर्जावर विकणे ही चुकीची विक्री आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या पंधरा हजारांविषयी. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी यूट्यूबची अट १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे अशी आहे (शॉर्ट्सचा मार्ग वेगळा आहे, पण तुमच्या लांब मुलाखतींना तो उपयोगाचा नाही). ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. वीस मिनिटांची मुलाखत प्रेक्षक सरासरी सहा मिनिटे पाहतो असे धरले, तर ४०,००० वेळा पाहिले जायला हवे. आठवड्याला एक याप्रमाणे चार महिन्यांत सोळा मुलाखती होतील. म्हणजे नव्या चॅनेलवरील प्रत्येक मुलाखत अडीच हजार वेळा पाहिली जावी लागेल, आणि तेही केवळ अट पूर्ण करण्यासाठी. त्यानंतर लांब व्हिडिओंवरील जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा तुम्हाला मिळतो. हजार वेळा पाहिल्यामागे तुमच्या हाती पन्नास रुपये येतात असे हिशेबापुरते धरले, तर पंधरा हजारांसाठी महिन्याला तीन लाख, म्हणजे प्रत्येक मुलाखतीला पाऊण लाख प्रेक्षक लागतील. शिवाय एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ तारखेनंतर आणि शिल्लक १०० डॉलरच्या वर गेल्यावरच मिळते. चौथ्या महिन्याचा हप्ता यातून जाणार नाही. चॅनेलचे उत्पन्न दोन वर्षे शून्य धरूनच नियोजन करा.

घरी दिल्यानंतर तुमच्याकडे ११,००० उरतात. त्यातून ४,२०० आणि ३,१०० गेले की राहतात ३,७००. त्यात पेट्रोल, रिचार्ज, जेवणखाण सगळे. नोकरी कंत्राटी, आणि बचत एका महिन्याच्या पगारापेक्षाही कमी. अशा स्थितीत आवर्ती ठेव बंद करणे म्हणजे तुमच्याकडे असलेली एकमेव चांगली आर्थिक सवय मोडणे होय. ती चालू ठेवा.

म्हणून माइकसाठी माझी मर्यादा पाच हजारांची आहे, आणि ती रोखीने. आनंदाची बाब अशी की तुमच्या कामाला एवढे पुरेसे आहे.

ब्लूटूथ माइकमध्ये खरी अडचण कोठे आहे ते समजून घ्या. दुकानात ब्लूटूथवर गाणे छान ऐकू येते, त्यावरून माइकही तसाच असेल असे वाटते. पण गाणे मोबाइलकडून कानाकडे जाते, तर माइकचा आवाज उलट दिशेने येतो. या उलट वाटेसाठी बहुतेक मोबाइल फोन कॉलची ब्लूटूथ पद्धत वापरतात. तिच्यात आवाजाचे सेकंदाला १६,००० नमुने घेतले जातात, जुन्या उपकरणांत तर ८,०००. नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे ८,००० किंवा ४,००० हर्ट्‌झपर्यंत. स, श, च, छ यांची धार बरीचशी याच सीमेजवळ किंवा तिच्यावर असते. ऐंशीच्या घरातील वस्ताद, दात पडलेले, आवाज खोल गेलेला. त्यांच्या बोलण्यातली ही धार कापली गेली की डावांची नावेसुद्धा नीट कळत नाहीत, आणि संपादनात ती परत आणता येत नाही. फोनवरचे बोलणे कळते, पण अर्धा तास ऐकवत नाही, तसेच हे आहे. ब्लूटूथची नवी एलई ऑडिओ पद्धत किंवा एखाद्या कंपनीची स्वतःची जोडणी याहून चांगला आवाज देऊ शकते, पण त्यासाठी माइक आणि मोबाइल दोन्ही त्या पद्धतीचे लागतात. १,९०० च्या जोडीकडून ती अपेक्षा ठेवू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मोबाइल सहसा एका वेळी एकाच ब्लूटूथ माइकचा आवाज घेतो. जोडी विकत घेतली तरी रेकॉर्डिंगमध्ये एकच माणूस असेल. त्यातच अनेक मोबाइलचे मूळ कॅमेरा अॅप ब्लूटूथ माइककडे लक्षच देत नाही; माइकवरचा दिवा लुकलुकत राहतो आणि आवाज मात्र चार हात लांब असलेल्या मोबाइलच्याच माइकवरून भरला जातो. हे ओळखायची खात्रीची रीत म्हणजे रेकॉर्डिंग सुरू करून कॉलरवरच्या माइकच्या जाळीवर नखाने खरवडणे. ऐकताना खरवड कानाशी मोठ्याने आली तर तो माइक चालू आहे. दुरून, अस्पष्ट आली तर मोबाइल स्वतःच ऐकत आहे.

रिसीव्हरचा संच ही वाट टाळतो. माइक आणि रिसीव्हर आपसात स्वतःच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या जोडणीने बोलतात, आणि रिसीव्हर चार्जिंगच्या जागी खोचला की मोबाइल त्याला तारेच्या माइकसारखा ओळखतो. दोन माइक एकाच वेळी चालतात. बाजारात मात्र पुष्कळदा या संचांनाही ‘ब्लूटूथ माइक’ म्हणूनच विकतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. डब्यात टाइप-सी चा छोटा तुकडा असेल तर तो रिसीव्हरचा संच. मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत जाऊन जोडावा लागत असेल तर तो खरा ब्लूटूथ. दुकानदाराला दोन्हींतला फरक माहीत नसण्याचीही शक्यता आहे, म्हणून डबा उघडून पाहा.

१३,५०० च्या संचात बहुधा अधिक काय असते? काहींत माइकमध्येच स्वतंत्र रेकॉर्डिंग होते, म्हणजे जोडणी तुटली तरी आवाज वाचतो. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याला, जिथे प्रसंग पुन्हा घडत नाही, तिथे त्याचे मोल आहे. तुमचे वस्ताद कट्ट्यावर बसून बोलणार आहेत आणि मोबाइल समोर आठ-दहा फुटांवर आहे. तिथे जोडणी सहसा तुटत नाही. या माइकांची बॅटरी आत बंद असते आणि दोन-तीन वर्षांत तिची ताकद घटते, मग माइक महाग असो वा स्वस्त. तेव्हा टिकाऊपणाच्या नावाखाली तिप्पट किंमत देण्यात अर्थ नाही.

माझा क्रम असा राहील. प्रथम तारेचा कॉलर माइक घ्या. सहा मीटर तारेचा चांगला माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो. मोबाइलला गोल जॅक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागेल, पण माइकचा आवाज आत घेणाराच मागा. काही फक्त इयरफोनपुरते असतात. माइक वस्तादांना लावा, तुमचा प्रश्न थोडा लांबून ऐकू आला तरी चालतो. हनुवटीखाली वीतभर अंतरावर, सदऱ्याच्या पट्टीला चिमटा लावावा. खळ घातलेल्या कापडाची घासणी टाळण्यासाठी तारेचा एक छोटा फास चिमट्यात धरावा. या माइकात गोल बॅटरी आणि स्विच असल्यास मुलाखत संपताच स्विच बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी ती संपलेली असेल.

अशा पाच-सहा मुलाखती झाल्यावर, आणि मोबाइलचे हप्ते फिटल्यावर, तीन-चार हजारांचा दोन माइकांचा रिसीव्हर संच घ्या. तालमीत हौद्याभोवती फिरत, डाव दाखवत बोलणे रेकॉर्ड करायचे असेल तेव्हाच त्याची गरज पडेल. घेताना एवढे विचारा की दोन्ही माइक डाव्या-उजव्या वाहिनीवर वेगळे ठेवता येतात का. स्वस्त संच दोन्ही आवाज एकत्र करतात, आणि मग वस्तादांच्या वाक्यावर तुमचा खोकला आला तर तो काढता येत नाही. आवाजातील गोंगाट कमी करणारे बटण बंद ठेवूनच चाचणी घ्या, कारण स्वस्त संचांत ते मंद आवाजाचे शेवटचे अक्षर खाऊन टाकते. चाचणी दुकानातच, स्वतःच्या मोबाइलवर आणि त्याच्या कव्हरसह करा. जाड कव्हरमुळे रिसीव्हर पूर्ण आत बसत नाही आणि आवाज तुटत राहतो. रिसीव्हरकडे पाठ करून वीस पावले जा, बोला, परत या आणि इयरफोन लावून ऐका. पाठ फिरल्यावर आवाज तुटला, तर संच परत ठेवा: २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी माणसाच्या शरीरात शोषल्या जातात आणि तुमचा पैलवान वळणारच आहे.

लाइट आत्ता नको. सकाळी तालमीच्या दारात खुर्ची ठेवली की पुरेसा उजेड मिळतो. ट्रायपॉड हजार रुपयांचा घ्या. एकूण खर्च सहा हजारांच्या आत बसतो, तोही दोन टप्प्यांत, आणि बावीस हजारांपैकी सोळा हजार तुमच्यापाशीच राहतात. मोबाइलचा शेवटचा हप्ता गेल्यावर ते ४,२०० आवर्ती ठेवीत वळवा. मग वर्षभरात ७४,००० जमतील. तुमची नोकरी कंत्राटी आहे, म्हणून हे पैसे कॅमेऱ्यासाठी वापरू नयेत, ते तीन महिन्यांच्या घरखर्चासाठी बाजूला राहावेत.

दुकानदाराने आधीच तुमची आधार, पॅन किंवा ओटीपी घेऊन कर्ज मंजूर करून ठेवले असेल, तर शनिवारची वाट पाहू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीला आजच ईमेल करून कर्ज नको असल्याचे लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. अॅपवरून दिलेल्या डिजिटल कर्जात किमान एक दिवसाची माघारीची मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे प्रमाणशीर व्याज भरून, दंडाशिवाय बाहेर पडता येते. एकदाच घेतलेले वाजवी प्रक्रिया शुल्क कंपनी ठेवू शकते. तुमच्या कर्जात माघारीची ही मुदत किती आहे ते त्याच की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये लिहिलेले असते.