लिंकमधला आकडा बदलला आणि दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट उघडला

सांगलीत आईचा रिपोर्ट डाउनलोड करताना लिंकमधला आकडा एकने वाढवून पाहिला, तर अनोळखी बाईंचा रिपोर्ट दिसला. आता कुणाला आणि कसं सांगू?

आता अजून एकही आकडा बदलू नका. दिसलेला रिपोर्ट सेव्ह करू नका, कुणाला पाठवू नका. परवानगीशिवाय डेटा काढणं आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसू शकतं; हेतू चांगला असला तरी आपोआप सूट मिळत नाही.

मिरजेतल्या एका हॉस्पिटलात मला हेच सापडलं होतं. मी पुरावा म्हणून फक्त माझा आणि बायकोचा, तिला विचारून, रिपोर्ट वापरला: माझ्या लॉगिनमधून तिचा उघडतो, एवढं पुरे. मेलमध्ये तारीख, वेळ, लिंकचा नमुना आणि नावं झाकलेला स्क्रीनशॉट दिला. रिसेप्शनवर सांगून उपयोग नसतो, म्हणून प्रशासक आणि सॉफ्टवेअर कंपनी दोघांना पाठवला. उत्तर आलं नाही, तेव्हा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला `vdisclose@cert-in.org.in` वर कळवलं. पैशांचा विषय मेलमध्ये काढूच नका, ती खंडणी वाटते.

पहिली दुरुस्ती फसवी निघाली. `id=4127` ऐवजी `id=NDEyNw==` दिसू लागलं, पण तो बेस६४ मध्ये लिहिलेला तोच आकडा होता. रिपोर्ट मागणारा माणूस त्याचा हक्कदार आहे का, हे सर्व्हरने दर वेळी तपासायला हवं. म्हणून त्यांनी ‘झालं’ म्हटल्यावर, त्यांची लेखी परवानगी घेऊन, त्याच दोन रिपोर्टवर पुन्हा तपासा.