अधीक्षकांच्या पत्रात काय असावं, काय नसावं

«ताई, मी गडचिरोली जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात अडीच वर्षांपासून एम.ओ. आहे. ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची एम.सी.क्यू. परीक्षा पास झालो, आता ऑस्ट्रेलियात नोंदणीसाठी अर्ज करतोय. तिकडच्या हॉस्पिटलने माझ्या वरिष्ठांचं पत्र मागितलंय. अधीक्षक सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही-शिक्का मारून देतो.’ काय लिहू? नमुना असला तर पाठवा.»

नमुना पाठवत नाही, कारण नमुन्यानेच माझी फजिती केली होती.

माझ्याही सरांनी हेच म्हटलं होतं. मी एका मैत्रिणीचं पत्र घेतलं, नाव बदललं आणि सही घेऊन आले. त्यात ‘अत्यंत मेहनती, प्रामाणिक, उत्तम चारित्र्य’ होतं आणि कौशल्यांच्या यादीत ‘सेंट्रल लाइन’ही होती. मैत्रीण मेडिकल कॉलेजच्या आयसीयूत होती, मी तालुक्याच्या ३० खाटांच्या रुग्णालयात. इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या हॉस्पिटलने सरांना फोन लावला. मेलबर्नला सकाळचे साडेनऊ, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पाच. झोपेतून उठलेल्या सरांनी खरं ते सांगितलं, ‘सेंट्रल लाइन? आमच्याकडे तशी सोयच नाही.’ त्यांनी माझं भलंच केलं, पण त्या एका ओळीपायी बाकीचं खरं कामही संशयात गेलं. पुन्हा पत्र, पुन्हा फोन, त्यात दोन महिने गेले.

आधी हे पत्र कशाला लागतं ते समजून घ्या. तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही, हे सांगणारं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट वेगळं. ते आपल्याकडच्या मेडिकल कौन्सिलकडून थेट अहप्राकडे, म्हणजे इथे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे जातं, आणि तुम्ही काम कसं करता याबद्दल त्यात अक्षर नसतं. ते सांगायचं काम या पत्राचं. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला इथे सुरुवातीला देखरेखीखाली काम करावं लागतं आणि त्या देखरेखीच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीवर प्रत्येक पेशंट घरी जाण्याआधी वरिष्ठाला विचारावं लागतं. दुसरीवर जबाबदारी दोघांची असते, तिसरीवर मुख्यतः तुमची, पण वरिष्ठ फोनवर हजर. चौथीवर नुसती वरून नजर. कुठल्या पायरीवर सुरुवात करायची, हे तुमचा आजवरचा अनुभव आणि ती जागा किती जोखमीची आहे ते पाहून ठरतं. पहिल्यांदा येणारे बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच असतात, पत्राने थेट चौथी मिळेल अशी आशा ठेवू नका. पण तुमच्या सुपरवायझरला तुम्ही नेमके कुठे आहात हे पहिल्या दिवशी कळतं, आणि हा मोठा फायदा आहे.

म्हणून पत्रात प्रत्येक कौशल्याबरोबर ते कुणाच्या नजरेखाली केलं, हे यायला हवं. नुसतं ‘सर्पदंशाचे रुग्ण हाताळतो’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तुमच्याकडे धानाच्या रोवणीत सापाचे पेशंट येतातच, तर तेच घेऊ. पत्र इंग्रजीत जाईल, मी मराठीत लिहिते. आकडे मनचे आहेत, तुम्ही तुमचे घाला:

‘दोन पावसाळ्यांत त्यांनी सर्पदंशाचे ४१ रुग्ण पाहिले. १७ जणांना विषरोधक लस दिली. पहिल्या ५ वेळी मी खाटेशेजारी होतो, पुढच्या ८ वेळी त्यांनी सुरू करण्याआधी मला फोन केला, शेवटच्या ४ वेळी सुरू करून मग कळवलं. रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी ते स्वतः करतात. एकदा नर्सने साबणाने धुतलेली परीक्षानळी दिली, ती त्यांनी नाकारली आणि कोरडी स्वच्छ काचेची मागितली. दोघांना लसीची तीव्र प्रतिक्रिया आली. त्यांनी लस थांबवून अ‍ॅड्रिनलीन ०.५ मि.ग्रॅ. मांडीच्या स्नायूत दिलं आणि मला बोलावलं.’

यातली परीक्षानळीची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. साबणाचा अंश राहिला किंवा नळी प्लास्टिकची असली की ती चाचणी फसते, गोठणारं रक्तही न गोठलेलं दिसू शकतं. इथल्या फिजिशियनने आयुष्यात घोणस पाहिली नसेल, पण चाचणीवर आंधळा विश्वास न ठेवणारा माणूस त्याला लगेच ओळखू येतो. अशी गोष्ट तुम्ही स्वतः लिहूच शकत नाही. ती सरांनाच आठवायला हवी.

जे येत नाही तेही लिहून घ्या. ‘इंट्युबेशन पुतळ्यावर शिकले, रुग्णावर केलेलं मी पाहिलेलं नाही’ या एका वाक्याने बाकीच्या ओळी खऱ्या वाटू लागतात. मला हे पटायला फार वेळ लागला. आपल्याकडे कमतरता कागदावर आणणं म्हणजे पोराचं नुकसान करणं असं समजतात, आणि सर मायेपोटी ती ओळ खोडतील. खोडू देऊ नका.

वागणुकीचंही तसंच. ‘स्वभाव चांगला’ हे शेजारी लग्नाच्या स्थळासाठी सांगतात, इथे प्रसंग लागतो. माझ्या दुसऱ्या पत्रात सरांनी माझी चूक लिहिली होती. एका लहान मुलाला मी पॅरासिटामॉलचा डोस त्याच्या वजनाने न काढता अंदाजाने लिहिला. पुढचा डोस देण्याआधी लक्षात आलं, तो थांबवला, केसपेपरवर नोंद केली, आईला सांगितलं आणि त्याच रात्री सरांना. मूल ठीक होतं. ती ओळ वाचून मी गयावया केली, ‘सर, हे काढा ना.’ ते म्हणाले, ‘बाई, मी तुला त्याच रात्री ओळखलं, मग तेच नाही लिहू?’ इथल्या सुपरवायझरने मुलाखतीत नेमका तोच परिच्छेद उघडून विचारलं, त्यानंतर काय बदललंस? वजनकाटा टेबलावर आणून ठेवला, असं मी सांगितलं. तुमच्याकडे माडिया बोलणारे पेशंट असतील, तर दुभाष्या कोण असतो आणि सांगितलेलं कळलं का हे तुम्ही कसं तपासता, हेही सरांना विचारून पत्रात येऊ द्या. इथे दुभाष्याचा प्रश्न रोजचा आहे.

आता ‘तूच लिहून आण’चं काय करायचं? सर ५० जणांची ओपीडी संपवून पत्र लिहायला बसणार नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. तुम्ही त्यांना एका पानावर कच्चा माल द्या: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काम केलं, आठवड्यातून किती दिवस दोघे एकत्र होता, नोंदवहीतले आकडे. मत मात्र त्यांचं. निवांत असतील तेव्हा समोर बसा, ते बोलतील ते टिपून टाइप करा, वाचून दाखवा आणि मगच सही घ्या. फोन आला तर त्यांना आपलीच वाक्यं आठवतील. पत्राच्या सुरुवातीलाच त्यांचं पद, नोंदणी क्रमांक आणि तुमचं-त्यांचं नातं यावं. काका-मामा लागत असतील तर तेही लिहावं, आणि शक्यतो दुसरा वरिष्ठ शोधावा. रुग्णालयाचा ईमेल कुणीच उघडत नसेल तर रोज पाहतात तोच पत्ता द्या, आणि फोनसाठी भारतीय वेळेनुसार दुपारची वेळ लिहा.

नोंदवह्यांचं आजच बघा. सरांची बदली झाली की तुम्हाला प्रसूतीची वही कोण उघडून देणार? रुग्णांची नावं उतरवू नका. तारीख, काय केलं आणि शेजारी कोण होतं, एवढंच घ्या. माझे पहिल्या वर्षाचे आकडे असेच गेले, ती वही वाळवीने खाल्ली होती.