मघाशी दीड पोतं म्हणालासा की ओ

प्रश्न: खत-बियाण्याच्या दुकानात चॅटवर गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडं आहे. तेच गिऱ्हाईक संध्याकाळी तोच प्रश्न एखादी गोष्ट बदलून विचारतं, मी नवीन हिशोब सांगतो, मग ते म्हणतं सकाळी वेगळं सांगितलंत. काय करू?

खानापूर तालुक्यात आमचं खताचं दुकान आहे, वडील गल्ल्यावर आणि चॅट माझ्याकडं, त्यामुळं हे बोलणं मी भरपूर खाल्लंय. सगळ्यात जोरात खाल्लं ते मक्याच्या युरियावरून, तेच सांगतो.

सकाळी एका काकांचा मेसेज आला, एक एकर मका, पेरताना एक पोतं डीएपी टाकलंय, युरिया किती लागंल. आम्ही पावसाच्या पाण्यावरच्या मक्याला एकरी 40 किलो नत्र धरून चालतो. डीएपीत नत्र 18 टक्के, म्हणजे 50 किलोच्या पोत्यात 9 किलो. राहिलं 31. युरियात 46 टक्के, म्हणजे 67 किलो युरिया, आणि पोतं 45 किलोचं, तर दीड पोतं. मी टाइप केलं "दीड पोतं" आणि फोन खिशात घातला.

संध्याकाळी पुन्हा त्याच नंबरवरून, एक एकर मका, पेरताना 10:26:26 एक पोतं, युरिया किती. मी नव्यानं हिशोब केला. त्यात नत्र 10 टक्केच, पोत्यात 5 किलो, राहिलं 35, म्हणजे 76 किलो युरिया. लिहिलं "पावणेदोन पोती घ्या". दोन मिनिटांत माझ्याच दोन मेसेजचा स्क्रीनशॉट मला परत आला, खाली एकच ओळ, "मघाशी दीड पोतं म्हणालासा की ओ".

आता बघा, दोन्ही उत्तरं बरोबर होती, तरी मी खोटा ठरलो, कारण सकाळच्या उत्तरात डीएपीचं नावच नव्हतं. काकांच्या डोक्यात "मक्याला दीड पोतं" एवढंच बसलं आणि त्यात त्यांची काय चूक, मी तेवढंच लिहिलं होतं. म्हणजे भांडण संध्याकाळी झालं पण बी मी सकाळीच पेरलं होतं. तेव्हापासून आकडा कधी एकटा पाठवत नाही, "डीएपी एक पोतं टाकलंय ना, मग युरिया दीड" असं लिहितो. चार शब्द जास्त जातात, जाऊ देत.

आणि दुसऱ्यांदा प्रश्न आला की नवं उत्तर कोऱ्या पाटीवर लिहायचं नाही. पहिलं वर सरकून बघायचं, त्याच मेसेजला रिप्लाय करायचा आणि फक्त फरक सांगायचा. आता मी असं लिहिलं असतं: "काका, सकाळचं दीड पोतं डीएपीवालं, ते तसंच धरा. 10:26:26 मध्ये नत्र पोत्यामागं 4 किलो कमी येतं, म्हणून तिथं युरिया साधारण 9 किलो वाढवा." यात सकाळचा आकडा मोडत नाही, तो आपल्या जागी उभा राहतो आणि वर 9 किलो येतात. गिऱ्हाइकाला 76 लक्षात राहत नाही पण "नऊ किलो वर" राहतं, हे मी काउंटरवर कितीदा बघितलंय.

पण त्याच्याही आधी एक विचारायचं असतं, जे मी त्या दिवशी विचारलं नाही: हे सकाळचंच शेत की दुसरं? कारण दोन शक्यता असतात. एक, शेत दुसरंच आहे (त्या काकांचं तसंच निघालं, दुसरा प्रश्न धाकट्या भावाच्या शेताचा होता, घरात फोन एकच). मग दोन्ही उत्तरं जगतात. दुसरी, शेत तेच आहे, सकाळी खताचं नाव चुकून सांगितलं होतं आणि आता घरी जाऊन पोतं बघितलं. मग सकाळचं उत्तर त्या शेतासाठी मेलं, आणि ते स्पष्ट लिहायला लागतं, "सकाळचं सोडा, हे धरा". नाहीतर माणूस दोन्ही मेसेज घेऊन दुकानात येतो आणि वडलांना विचारतो कुठलं खरं. वडील माझ्याकडं बघतात.

कधी कधी बदललेल्या गोष्टीनं हिशोब हलतच नाही. "सर, आठ दिवस पाऊस नाही, मग युरिया किती?" इथं नवीन आकडा काढायचा मोह होतो, मीही आधी "थोडा कमी करा" वगैरे लिहून मोकळा व्हायचो, आणि तिथंच खरा विरोध तयार व्हायचा. दीड पोतं ते दीडच, बदलते ती वेळ. कोरड्या रानात वर युरिया फेकला तर त्यातला नत्र हवेत जातो, म्हणून ओल आल्यावर, एकदम न टाकता दोन हप्त्यांत. सांगायचं असं की "माप तेच, दिवस पुढं ढकला". आणि एकराचं 20 गुंठे झालं आणि डीएपीही अर्धंच पोतं टाकलं असंल तर सरळ निम्मं, कारण 40 गुंठ्याचा एकर, तिथं तर काहीच समजावायची गरज नाही.

उलटं पण असतं, विचारली एक गोष्ट आणि हलतात दोन. डीएपीच्या जागी 10:26:26 आलं की नत्राबरोबर स्फुरदही बदलतं, एका पोत्यात 23 किलोच्या जागी 13, आणि पालाश 13 किलो नव्यानं येतं. पेरणी होऊन गेली असेल तर मी युरियाच्या उत्तरात हे घुसडत नाही, माणूस गोंधळतो. पेरणी बाकी असेल तर मात्र सांगतो, कारण स्फुरदाची तूट नंतर युरियानं भरून निघत नाही.

आता शेवटचं आणि जरा लाजेचं. कधी दुसरा प्रश्न आल्यावर हिशोब करताना लक्षात येतं की पहिलंच उत्तर चुकलं होतं. माझं एकदा झालं, डीएपीवाल्यालाच मी "एक पोतं आणि वर 17 किलो" लिहिलं होतं, जुन्या सवयीनं युरियाचं पोतं 50 चं धरलं. 2018 पासून ते 45 चं झालंय, म्हणजे वर 22 पाहिजे होते, माणूस 5 किलोनं कमी पडला. तेव्हा नवं उत्तर जुन्याला जुळवून घ्यायला बघितलं, "तुमचं रान काळं आहे, चालतंय" असलं काहीतरी, आणि निम्मं टाइप करून खोडलं. सरळ लिहिलं, "सकाळी पोतं 50 चं धरलं, चूक माझी, 5 किलो आणखी न्या." जुना मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन करू नका हं, तिथं मेसेज डिलीट केल्याची पाटी राहते आणि ती बघून गिऱ्हाईक जास्त बिथरतं. एडिट पंधरा मिनिटांच्या आतच होतं आणि त्यालाही खूण राहते.

तो माणूस दुसऱ्या दिवशी आला, 5 किलो सुटा मोजून घेतला आणि जाताना म्हणाला, "मग मागल्या साली पण पोतं पंचेचाळीसचंच होतं व्हय?" मी वडलांकडं बघितलं.