भाडं-पगार धरून पुरणपोळीचा भाव कसा काढावा?

«इंदूरला रामबागेत पुरणपोळी-चकलीचं दुकान आहे. भाडं, पगार, वाया जाणारा माल धरून २० टक्के नफा सुटायला पोळी कितीला विकू?»

भाडं-पगार विक्रीच्या प्रमाणात वाटू नका, हातकामाच्या तासांवर वाटा. पोळीला वेळ जास्त लागतो. विक्रीवर वाटलं की तिचा बोजा चकलीवर पडतो आणि पोळी उगाच स्वस्त दिसते.

आमच्याच वहीतला हिशेब सांगते. भाडं १५,००० आणि पगार ३०,०००, म्हणजे महिन्याला ४५,०००. कोणत्या घाण्याला किती वेळ गेला ते महिनाभर लिहिलं, एकूण ३०० तास भरले. म्हणजे तासाला १५० रुपये.

४० पोळ्यांच्या घाण्याला सामान नि गॅस ४८०, तीन तासांचे ४५०, एकूण ९३०. वहीत सरासरी ३७च विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या फाटल्या किंवा शिळ्या झाल्या. म्हणून ९३० ला ३७ ने भागायचं, ४० ने नाही. पोळी साधारण २५ रुपये १३ पैशांना पडते.

आता २० टक्के चढवू नका. विक्रीवर २० टक्के हवेत तर ०.८ ने भागा: ३१.४२, म्हणजे ३२ रुपये.

मी आधी ४० ने भागून २० टक्के चढवत होते, भाव २८ यायचा. त्यात ३७ पोळ्यांचे १,०३६ येतात, सुटतात जेमतेम १०६, म्हणजे दहा टक्के. वर्षभर राबूनही गल्ल्यात पैसा का दिसत नाही, ते तेव्हा कळलं.

दिवाळीचा महिना मात्र यात धरू नका. तेव्हा तास वाढतात, दर खोटा कमी दिसतो.