फलकावरचे ‘भासवून’ आणि पावतीतला ‘पाव’

‘अनाधिकृत व्यक्तींना मंदिराचे कर्मचारी असल्याचे भासवून भाविकांनी रोख देणगी देऊ नये’ असा फलक लावायचा आहे. वाक्य बरोबर आहे का? ‘तोतया’ शब्द घालावा का?

आधी ‘अनाधिकृत’ खोडा. अन् + अधिकृत = अनधिकृत. ‘अनादर’मधला ‘ना’ आदराच्या ‘आ’मुळे येतो, अधिकृतात ‘आ’ नाही. हा जादा काना सरकारी पाट्यांवरही दिसतो आणि दर वेळी खटकतो.

पण खरी चूक ‘भासवून’मध्ये आहे. अशा वाक्यात ‘-ऊन’ लागलेल्या क्रियेचा कर्ता तोच असतो, जो मुख्य क्रियेचा. इथे देणारे भाविक, म्हणून भासवणारेही भाविकच ठरले! ‘भासवणाऱ्या व्यक्तींना’ म्हटलं की व्याकरण सुटतं. शुद्धलेखनाचे जाणकार इथेच थांबतात, ते मला पटत नाही. समोरचा भासवतोय हे भाविकाला कळलं असतं तर तो फसलाच नसता. ‘तोतया’चीही तीच अडचण: पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तो खरा मानणारेही निघालेच. त्यामुळे माणसाचं वर्णन सोडा आणि भाविकाला जे तपासता येतं ते लिहा, म्हणजे पावती.

काय शब्द आहे हा! संस्कृत प्र + आप्, त्यावरून प्राकृतात ‘पाव-’, त्यावरून आपलं ‘पावणे’, म्हणजे पोचणे, मिळणे. जुन्या पत्रांत ‘पत्र पावले’ असतं ते हेच. पैसे पावले असं लिहून दिलेला कागद ती पावती. ‘पोचपावती’त तर पोचणे आणि पावणे दोन्ही शेजारी बसले आहेत. आणि ‘देव नवसाला पावला’ यातलं क्रियापदही तेच. कोश ‘प्रसन्न होणे’ हा अर्थ वेगळा क्रमांक देऊन सुटा मांडतात. मला ही फोड कृत्रिम वाटते. ‘नवसाला’ ही चतुर्थी बघा: देव नवसापर्यंत पोचला, प्रसन्नता त्या पोचण्यातूनच आली. देवाचं पावणं आणि देणगीची पावती एकाच धातूची असताना फलकावर तो शब्दच नसावा याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा असं लिहा:

‘देणगी फक्त देणगी कक्षात किंवा दानपेटीत द्या. कक्षात दिलेल्या रकमेची क्रमांक असलेली पावती तिथेच घ्या. इतर कुठेही कोणी रोख मागितल्यास, ओळखपत्र किंवा पावतीपुस्तक दाखवले तरी, देऊ नका.’

‘पावतीपुस्तक’ गाळू नका. ते कुठल्याही छापखान्यात छापून मिळतं आणि नुसतं ‘पावती घ्या’ म्हटलं तर खोटी पावती फाडणाऱ्याचंच काम सोपं होतं. जागा ठरवून दिली की वाक्यात ‘अनधिकृत’ची गरजच उरत नाही.