नॅचरल लॉ आणि पॉझिटिव्हिझम: १९७६ च्या हेबियस कॉर्पस खटल्यावरून

प्रश्न: "एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. नॅचरल लॉवाले नैतिकता मानतात आणि पॉझिटिव्हिस्ट मानत नाहीत, एवढंच वर्गात कळलं. खरा फरक काय? एखाद्या भारतीय खटल्यावरून सांगाल का?"

पॉझिटिव्हिस्ट नैतिकता मानत नाहीत, हे पहिल्यांदा डोक्यातून काढा. या पंथाचा मूळपुरुष जेरेमी बेंथम. इंग्लंडचे कायदे किती वाईट आहेत हे सांगण्यात त्याचं आयुष्य गेलं. कायदा चांगला असावा, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत आहे. भांडण वेगळ्याच जागी आहे: एखादा नियम कायदा आहे की नाही, हे ठरवायचं कशावरून?

पॉझिटिव्हिस्ट म्हणतो, तो कुठून आला ते बघा. ज्यानं केला त्याला अधिकार होता का, ठरलेली पद्धत पाळली का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर तो कायदा. तो चांगला की वाईट, पाळावा की झुगारावा, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यानंतरचे. नॅचरल लॉवाला म्हणतो, उगम पाहून भागत नाही. सत्तेच्याही आधीची काही तत्त्वं आहेत आणि नियम त्यांच्या पूर्ण विरोधात गेला, तर त्याचा कायदा म्हणून असलेला दावाच लुळा पडतो.

आता खटला. एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला, निकाल २८ एप्रिल १९७६. आणीबाणीत हजारो लोक मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्याची मुभा देणाऱ्या कायद्याखाली, स्थानबद्ध होते. २७ जून १९७५ ला राष्ट्रपतींनी कलम ३५९ खाली आदेश काढला की आणीबाणी असेपर्यंत कलम १४, २१ आणि २२ मधल्या हक्कांसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. तरी स्थानबद्धांनी उच्च न्यायालयांत हेबियस कॉर्पसचे, म्हणजे आम्हाला डांबणं कायदेशीर आहे का ते तपासा असे, अर्ज केले. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की अर्ज चालतील, निदान स्थानबद्धतेचा आदेश मिसाच्या अटींत बसतो का एवढं तरी आम्ही तपासू. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तुमच्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात गंमतीची गोष्ट मिसाच्या कलम १८ मध्ये आहे. १९७५ मध्ये घातलेल्या या कलमाचा आशय असा: स्थानबद्ध माणसाला नॅचरल लॉ किंवा कॉमन लॉच्या, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याच्या, आधारे वैयक्तिक स्वातंत्र्याचा कोणताही हक्क असणार नाही, तसा हक्क मुळात असलाच तर. म्हणजे सरकारनं नॅचरल लॉचं नाव घेऊन तो कायद्यानं रद्द केला! खरा नॅचरल लॉवाला यावर हसेल. जी गोष्ट संसदेनं दिलेलीच नाही, ती संसद काढून कशी घेणार? पॉझिटिव्हिस्टाला मात्र यात विसंगती दिसत नाही. न्यायालयानं कशाच्या आधारे निर्णय द्यायचा हे विधिमंडळानं सांगितलं, एवढंच तो म्हणेल.

पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सरकारच्या बाजूनं निकाल दिला: सरन्यायाधीश रे, बेग, चंद्रचूड आणि भगवती. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. स्वातंत्र्याचा हक्क संविधान येण्यापूर्वी कुठे असला तरी आता तो कलम २१ मध्ये सामावला आहे. ते दार बंद झालं की दुसरं दार नाही. त्यामुळे आदेश मिसाच्या चौकटीबाहेरचा आहे किंवा आकसानं काढला आहे, असं म्हणूनही अर्ज करता येणार नाही.

न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात गेले. त्यांचं म्हणणं, कलम २१ हे स्वातंत्र्याचं एकमेव घर नाही. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हे तत्त्व संविधानाच्या आधीपासून होतं आणि कायद्याचं राज्य असलेल्या प्रत्येक समाजात ते गृहीतच असतं. निव्वळ औपचारिक अर्थानं पाहिलं तर नाझी राजवटीतली संघटित हत्याकांडंही कायद्यात बसतील, असंही त्यांनी लिहिलं.

यावरून बहुतेक गाइडांत लिहिलेलं असतं: बहुमत पॉझिटिव्हिस्ट, खन्ना नॅचरल लॉवाले. मला हे अर्धवट वाटतं. खन्नांच्या निकालात दुसराही धागा आहे आणि तो अगदी कोरडा, कायद्याच्या कलमांचा आहे. राष्ट्रपतींच्या आदेशानं काय थांबलं? मूलभूत हक्कासाठी दाद मागणं. त्यानं मिसा रद्द झाला नाही. मिसानुसार स्थानबद्धतेसाठी काही अटी पाळायच्या होत्या आणि अधिकाऱ्याला जो अधिकार होता तो मिसानंच दिलेला होता. आदेशामुळे नागरिकाचं एक शस्त्र गेलं, पण अधिकाऱ्याच्या अधिकारात काही भर पडली नाही. अटी मोडून कुणाला डांबलं तर ते बेकायदेशीरच. हा युक्तिवाद करायला नैसर्गिक हक्क मानावे लागत नाहीत. फक्त उगम बघणाराही तो करू शकतो.

म्हणूनच "पॉझिटिव्हिझममुळे असा निकाल लागला" हे विधान जपून करा. एच. एल. ए. हार्ट हा विसाव्या शतकातला मोठा पॉझिटिव्हिस्ट. त्याचं मत होतं की हा कायदा आहे, पण इतका दुष्ट आहे की पाळण्याच्या लायकीचा नाही, असं सरळ म्हणणं अधिक प्रामाणिक. वैध आहे म्हणून पाळलाच पाहिजे, असं पॉझिटिव्हिझम सांगत नाही.

दुसऱ्या बाजूचाही गैरसमज होतो. न पटलेला प्रत्येक कायदा रद्दबातल, असं नॅचरल लॉ म्हणत नाही. जर्मन विचारवंत गुस्टाफ राडब्रुखनं नाझी राजवटीनंतर, १९४६ मध्ये, मोजमाप दिलं: अन्यायकारक कायदाही साधारणपणे कायदाच, कारण निश्चिततेला किंमत आहे, पण अन्याय असह्य पातळीला गेला तर त्याला माघार घ्यावी लागते. असह्य कुठे सुरू होतं हे कोण ठरवणार, ही या मताची खरी अडचण. पॉझिटिव्हिस्ट तिथेच बोट ठेवतात आणि मला ते बोट योग्य जागी वाटतं.

पुढे काय झालं तेही याच चौकटीत बघा. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं कलम २० आणि २१ आणीबाणीतही थांबवता येणार नाहीत असं लिहिलं. हा पॉझिटिव्हिस्ट मार्गाचा इलाज झाला: नियम वाईट होता, अधिकार असलेल्यांनी तो बदलला. २०१७ मध्ये पुट्टास्वामी या खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवला. त्यातलं मुख्य मत न्या. धनंजय चंद्रचूड यांचं, म्हणजे १९७६ च्या बहुमतातल्या न्या. यशवंत चंद्रचूड यांच्या मुलाचं. जीवन आणि स्वातंत्र्य हे माणसापासून वेगळे न करता येणारे हक्क आहेत, संविधानानं ते निर्माण केलेले नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. ही भाषा थेट नॅचरल लॉची. आता तुमच्या सरांना विचारून बघा: हे मत आज देशभर बंधनकारक आहे ते खरं आहे म्हणून, की कलम १४१ सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक ठरवतं म्हणून?